बाळाचा भार कोण पेलतो?

गेल्या डिसेंबरात माझी लेक आणि जावई तेरा महिन्यांच्या नातीला घेऊन नेदरलँड्सहून पुण्याला आले. चार दिवसांनी आमच्या गाडीतून कोल्हापूरला जायचे होते. दिवाणखान्यात दोन बालआसने शेजारी शेजारी मांडलेली होती. एक त्यांनी तिकडून आणलेले, कडीला धरून टोपलीसारखे उचलता येणारे, रंग उडालेले. दुसरे शेजाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने वापरायला दिलेले, उंच पाठीचे, भारदस्त, मागच्या बाजूने दोन पोलादी खटके बाहेर आलेले. जावयांनी विचारले, “आई, ही आता नऊ किलोंच्या पुढे गेली. या मोठ्या आसनावर नऊ ते अठरा किलो लिहिलंय. तिला यात पुढे तोंड करून बसवू ना? आणि हे आयसोफिक्सचं आहे, म्हणजे जास्त भक्कम.”

प्रश्न साधा होता, आणि त्यातली दोन्ही विधाने खरी होती. तरीही त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला खटकला. मी इंजिनियर नाही. एका बँकेत अठ्ठावीस वर्षे नोकरी केली, आणि वजने, मापे, मानके यांचा इतिहास हा फावल्या वेळात लागलेला नाद. एखादी वस्तू किलोत का मोजली, सेंटिमीटरमध्ये का नाही, असल्या प्रश्नांमागे मी बरीच वर्षे हिंडले आहे. पण या वेळी उत्तर वहीत लिहून ठेवण्यापुरते नको होते. त्यावर नातीला बसवायचे होते.

प्रथम आयसोफिक्स म्हणजे काय ते पाहू. गाडीच्या मागच्या सीटवर, बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत हात घालून चाचपले, तर दोन आडव्या सळ्या हाताला लागतात. प्रत्येक सळी ६ मिलिमीटर जाडीची, आणि दोन्हींच्या मध्यांमधले अंतर २८० मिलिमीटर. या सळ्या सीटच्या गादीला किंवा कापडाला नव्हे, तर गाडीच्या सांगाड्याला पक्क्या जोडलेल्या असतात. बालआसनाचे दोन खटके त्यांच्यावर सरळ दाबले की दोनदा ‘खट’ असा आवाज होतो, आणि बहुतेक आसनांवर दोन्ही बाजूंची लाल खूण जाऊन हिरवी दिसते. जागा आणि मापे सगळ्या कंपन्यांना एकच असल्यामुळे कोणाचेही आसन कोणाच्याही सळ्यांना लागू शकते. ‘आयएसओ’ ही मानके ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आणि ‘फिक्स’ म्हणजे पक्के बसवणे, यांवरून हे नाव पडले. १९९० च्या दशकात त्यावर काम झाले आणि १९९९ मध्ये आयएसओ १३२१६ या क्रमांकाने मानक प्रसिद्ध झाले.

याची गरज का पडली? त्याआधी बालआसन गाडीच्या सीटबेल्टनेच बांधत. पट्टा आसनाच्या नेमक्या खाचांतून ओवायचा, गुडघ्याने आसन दाबून धरायचे, मग पट्टा ताणायचा. घाईत पट्टा चुकीच्या खाचेतून जातो किंवा सैल राहतो, आणि बाहेरून सगळे ठीक दिसते. म्हणजे आयसोफिक्सने सोडवला तो बसवण्यातल्या चुकीचा प्रश्न. पट्ट्याने नीट बांधलेले आसन कुचकामी असते, असे त्याने कधीच म्हटलेले नाही. जावयांच्या ‘जास्त भक्कम’मध्ये निसटले होते ते हेच.

दोन सळ्यांची एक मर्यादाही आहे. त्या तळाशी आहेत, आणि मूल व आसन यांचा भार त्यांच्या बराच वर. गाडी समोरून आदळली की आसन त्या सळ्यांभोवती पेटीच्या झाकणासारखे पुढे कलंडू पाहते. तळ जागच्या जागी राहतो आणि डोके सर्वांत लांब फेकले जाते. म्हणून तिसरा आधार लागतो. तो दोन प्रकारांनी मिळतो. एक म्हणजे आसनाच्या माथ्यावरून मागे जाणारा आणि गाडीतल्या तिसऱ्या कडीत अडकणारा वरचा पट्टा. दुसरा म्हणजे आसनाच्या पुढून खाली गाडीच्या तळाला टेकणारा पाय. अशा आसनाला हा तिसरा आधार दिला नाही, तर दोन हिरव्या खुणा दिसूनही काम अर्धेच झालेले असते.

आता आकडे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर, जाते आहे. ती आदळली, आणि आतले मूल पट्ट्यांच्या व चुरगळणाऱ्या पत्र्याच्या मदतीने साधारण ६० सेंटिमीटर अंतरात थांबले असे धरू. शाळेतल्या सूत्राने हिशेब केला, तर त्या क्षणी प्रत्येक वस्तू सरासरी स्वतःच्या वजनाच्या सोळा पट जोराने पुढे ओढली जाते. दहा किलोंचे बाळ म्हणजे १६० किलोंचा ओढा. मांडीवर घट्ट धरले आहे असे म्हणणाऱ्या आईच्या हातांत तेवढे बळ नसते. प्रश्न तिच्या मायेचा नाही. मग हा भार पेलतो कोण? बालआसनांचे वजनी गट या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत, असे मला कागद चाळता चाळता उमगले.

हे गट युरोपच्या आर ४४ नावाच्या नियमातले. हा नियम १९८० च्या दशकाच्या आरंभापासून लागू आहे, आणि आपल्याकडच्या एआयएस ०७२ या मानकानेही तेच गट घेतले. गट ० हा १० किलोंपर्यंत, ०+ हा १३ किलोंपर्यंत, पहिला गट ९ ते १८, दुसरा १५ ते २५ आणि तिसरा २२ ते ३६ किलो. दुकानात त्यांच्यापुढे वये लिहिलेली असतात, पण ती सोयीसाठी. नियमाने तपासलेली गोष्ट वजन आहे.

०+ गटात बाळ मागे तोंड करून बसते. गाडी समोरून आदळली की ते आसनाच्या कवचात पाठीमागे दाबले जाते. डोके, मान, पाठ सगळ्यांना एकाच वेळी आधार मिळतो आणि भार सगळ्या पाठीवर पसरतो. ही कल्पना स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन यांची. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर रेलून जोर सोसतात, हे पाहून ती त्यांना सुचली. १९६४ मध्ये असे पहिले आसन व्होल्व्हो गाडीत तपासले गेले.

पहिल्या गटात मूल सहसा पुढे तोंड करून बसते. इथे भार पेलतात खांद्यांवरचे आणि कमरेचे पट्टे. धड पट्ट्यांनी अडते, डोके मात्र पुढे जातच राहते, आणि त्याला रोखणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मान. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसाचे साधारण सातवा-आठवा. शिवाय बाळाच्या मानेचे मणके अजून एकसंध हाड झालेले नसतात. तुकडे कूर्चेने जोडलेले असतात, आणि ते पुरते सांधायला काही वर्षे जातात. जड डोके आणि कच्ची मान. म्हणून तोंड पुढे फिरवण्याचा दिवस हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत नाजूक दिवस आहे.

आता आमच्या नातीकडे येऊ. वजन ९.६ किलो, उंची ७४ सेंटिमीटर. ०+ गट १३ किलोंपर्यंत चालतो आणि पहिला गट ९ पासून सुरू होतो. म्हणजे ९ ते १३ किलोंच्या पट्ट्यात ती दोन्हींत बसते. जावयांनी ९ हा आकडा ‘आता बदला’ असा वाचला होता. त्याचा अर्थ ‘याआधी बदलू नका’ एवढाच आहे. लहानमोठ्या अंगाची मुले दोन आसनांमध्ये अडकू नयेत म्हणून ही गटांची टोके एकमेकांवर चढवलेली आहेत.

पण या सोयीतच जुन्या नियमाची उणीव लपली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते पाहा. ते ज्या सहा देशांतल्या मुलांवरून केले, त्यांत भारतही आहे. त्या तक्त्यात मधल्या वाढीचा मुलगा नवव्या महिन्यातच ९ किलोंच्या आसपास येतो. मधली मुलगी वर्षाची होता होता. गुटगुटीत बाळ त्याआधीच. पण वजन वाढले म्हणून मान पिकत नाही. चरबी तराजूला कळते, कूर्चेचे हाड होणे कळत नाही. उलट अंग भरले की पेलायचा भारही वाढतो. तराजू इथे जे मोजायला हवे त्याच्या शेजारचे काही तरी मोजत होता.

म्हणूनच २०१३ मध्ये युरोपात आर १२९ हा नवा नियम आला. त्याचा पहिला टप्पा ‘आय-साइझ’ या नावाने ओळखला जातो. त्याने तीन गोष्टी केल्या. मुलाचे माप किलोंऐवजी उंचीच्या सेंटिमीटरमध्ये सांगितले, कारण आईबापांना ते अधिक नेमके ठाऊक असते आणि डोके कवचात मावते की नाही हे उंचीच सांगते. बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी सक्तीची केली. आणि पंधरा महिने पुरे होईपर्यंत मागे तोंड हाच नियम केला, मग वजन काहीही असो. पंधरा महिने ही किमान मर्यादा आहे. पुष्कळ आसने ४ वर्षांच्या आसपास, १०५ सेंटिमीटर उंचीपर्यंत मूल मागे तोंड करून बसवू देतात. जुन्या नियमाची आसने युरोपीय संघातल्या दुकानांतून सप्टेंबर २०२४ पासून विकायची बंद झाली. घरात असलेली वापरण्यावर मात्र त्या निर्णयाने बंदी आलेली नाही.

शेजाऱ्यांच्या आसनामागचे नारिंगी लेबल मी जावयांना वाचून दाखवले. वर्तुळातले ‘ई’ आणि त्यापुढचा आकडा म्हणजे मान्यता देणारा देश. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. ‘०४’ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे आर ४४ ची चौथी सुधारणा. त्याखाली ‘युनिव्हर्सल’ आणि ९ ते १८ किलो. आयसोफिक्सच्या बाबतीत ‘युनिव्हर्सल’ म्हणजे पुढे तोंड, दोन सळ्या आणि वरचा पट्टा. या आसनाला मागे तोंड करून बसवण्याची सोयच नव्हती. जुन्या नियमाने नात त्यात बसू शकत होती, नव्या नियमाने नाही. मूल तेच आणि गाडीही तीच.

मग आम्ही तिला रंग उडालेल्या टोपलीत बसवून पाहिले. वजनाला अजून साडेतीन किलोंची जागा होती. पण टोपलीत वजनाच्या आधी बहुधा उंची संपते, म्हणून डोके पाहिले. कवचाच्या वरच्या काठाखाली दोन बोटे अंतर शिल्लक होते. पाय मागच्या पाठीला टेकून दुमडत होते, पण पाय दुमडणे हे आसन लहान झाल्याचे लक्षण नाही. मुले मांडी घालतात, वर टेकवतात. पाहायचे ते डोके आणि वजन. दोन्ही मर्यादेत होती, म्हणजे ही टोपलीच तिची जागा.

टोपली सीटबेल्टने बांधायची होती. आमच्या गाडीचा पट्टा तिला वळसा घालून पुरेल का, ही एक शंका. काही गाड्यांत तो तोकडा पडतो. आमच्याकडे पुरला. निळ्या खुणांच्या खाचांतून तो ओवला, ताणला, आणि ज्या ठिकाणी पट्टा आसनातून जातो तिथे धरून हलवून पाहिले. तिथे आसन दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये. वरचे टोक थोडे हलले तर चालते. मग बाळाचे पट्टे. खांद्यावरचा पट्टा बोटांच्या चिमटीत उभा धरून पाहायचा. चिमटीत घडी आली, तर तो सैल आहे. लेकीने तिला गुबगुबीत जाकीट घातले होते. ते काढून पट्टे लावले आणि वरून शाल पांघरली, कारण जाकिटातली हवा धडकेच्या क्षणी चेपते आणि तेवढाच पट्टा ढिला होतो. टोपली मागच्या सीटवरच ठेवली. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, मागे तोंड केलेले आसन कधीही ठेवू नये. फुगणारी पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

शेजाऱ्यांचे आसन परत करण्याआधी एक गोष्ट मनातून जाईना. ते आमच्या गाडीत बसवायला जावयांनी आदल्या रात्रीच घेतले होते, आणि बसवलेही होते. दोन्ही खुणा हिरव्या. वरचा पट्टा मागे नेऊन डिकीच्या कडेच्या रिंगेत अडकवलेला. मी टॉर्च घेऊन पाहिले. ती रिंग सामान बांधायची होती. बालआसनाची खरी कडी मागच्या सीटच्या पाठीवर, प्लास्टिकच्या झाकणाखाली होती, आणि झाकणावर नांगराची लहानशी खूण. सामानाची रिंग हा भार पेलण्यासाठी तपासलेली असतेच असे नाही. त्यात पट्टाही कडेला तिरका जात होता. जावई काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मी तर दोनदा ओढून पाहिलं होतं, आई.” हाताने ओढल्यावर रिंग हलत नाहीच. हाताचा जोर आणि धडकेचा जोर यांत पुष्कळ अंतर आहे.

मग गाडीतल्या त्या दोन सळ्या तरी किती भार पेलतात? युरोपच्या नियमात त्यांना पुढच्या दिशेने ८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८०० किलोंच्या ओढ्याने तपासतात. भार अमर्याद चालत नाही, हे यातून कळते. म्हणून आर १२९ मध्ये आयसोफिक्सवर टांगलेल्या आसनाचे आणि मुलाचे मिळून वजन ३३ किलोंच्या आत हवे. मघाची सोळा पट ही सरासरी होती. चाचणीतल्या धडकेचा कळस वीस ते अठ्ठावीस पटीपर्यंत जातो. ३३ ला २४ ने गुणले की आकडा ८०० च्या जवळच येतो. हा गुणाकार माझा, पण मर्यादेचा अंदाज त्यातून येतो. घरी हिशेब करायचा तो असा. आसन १३ किलोंचे असेल, तर पट्ट्यांसह आत बसणारे मूल २० किलोंपर्यंतच. आसन जितके जड, तितके मूल लवकर बाहेर.

त्यानंतर भार पेलणारा बदलतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात मुलाला गाडीचा सीटबेल्टच धरून ठेवतो. आसनाचे काम मुलाला उंच बसवून पट्टा योग्य हाडांवर आणण्याचे. कमरेचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर हवा, पोटावर नको. खांद्याचा पट्टा हासळीच्या मध्यावरून जावा, मानेला घासू नये. पट्टा पोटावर असेल, तर धडकेत मूल त्याखालून पुढे सरकते आणि सगळा जोर मऊ पोटावर येतो. अशा उंच आसनालाही कधी आयसोफिक्सचे खटके असतात, पण ते आसन जागेवर ठेवण्यासाठी. मुलाचा भार त्यांच्यावर नसतो. उंची १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत हे उंच आसन लागते. युरोपातले देश या दोनांपैकी एखादी रेघ धरतात.

आपला कायदा मात्र वयाने मोजतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९४ब हे कलम सांगते की चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा बालआसनाने बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड. त्या ‘किंवा’कडे लक्ष द्या. तीन वर्षांच्या मुलाच्या पोटावरून मोठ्यांचा पट्टा गेला, तरी या वाक्यापुरती अट पुरी होते. जुना नियम किलो मोजतो, नवा सेंटिमीटर, आपला कायदा वर्षे. तिन्ही मापे मुलाच्या हाडांचा अंदाज घेऊ पाहतात, आणि तिन्हींत थोडी चूक उरते. ती चूक कोणत्या बाजूला पडू द्यायची, हे शेवटी घरातल्यांनी ठरवायचे असते.

कोल्हापूरला जाताना नात खंबाटकीच्या घाटापर्यंत मागच्या काचेकडे पाहत बडबडत होती, मग झोपली. तिला रस्ता दिसत नाही म्हणून आजोबांना वाईट वाटले. परत आल्यावर लेकीने टोपलीच्या काठाखाली बोटे लावून पुन्हा अंतर मोजले आणि म्हणाली, “अजून दोन बोटं आहेत गं आई.” शेजाऱ्यांचे आसन मी आभार मानून परत दिले. त्यांची नात तीन वर्षांची आहे, तिला ते नेमके बसते. जाताना त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटची पाठ पुढे पाडून नांगराची खूण असलेले झाकण तेवढे दाखवून आले.